चार पानं रागाची, दीड पान नोंदींचं

ताई,
आमच्या टीममध्ये आम्ही सहा जण आहोत. शनिवारची ड्युटी आळीपाळीने लागावी असा कंपनीचा नियम आहे, पण फेब्रुवारीपासून ती बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते. त्या बदल्यातला कॉम्प ऑफ मागितला की साहेब नाकारतात. तोंडी सांगून झालं, मेल करून झाला. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आजारपणामुळे जाऊ शकले नाही, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचंच सांभाळायचं असेल तर नोकरी कशाला करता?" त्या रात्री बसून मी एचआरसाठी चार पानी पत्र लिहिलं. नवरा म्हणतो, हे पाठवलंस तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. मैत्रीण म्हणते, अजून तिखट लिही, नाहीतर कुणी दखल घेणार नाही. सौम्य लिहिलं तर माझा त्रास त्यांना कळणार कसा? पत्र, तीन महिन्यांची रोस्टर आणि अर्ज, मेल, बोलणं यांच्या तारखा लिहिलेला कागद सोबत जोडला आहे. पाठवू का?
— एक वाचक

हे पत्र पाठवू नका. दुसरं लिहा, आणि ते मात्र लवकर पाठवा.

तुमची चार पानं मी दोनदा वाचली. त्यात खोटं काहीच नाही, हे मला दिसतंय. पण चार पानांत तारीख एकच आहे, मीटिंगची. "पक्षपात" हा शब्द सहा वेळा, "जाणूनबुजून" पाच वेळा आणि "मानसिक छळ" तीन वेळा आला आहे. तेरा शनिवारांतले आठ तुमच्या नावावर होते, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. सोबतच्या रोस्टरमध्ये बोटाने मोजल्यावर कळलं. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम आकडा पत्रात नव्हताच.

तिखट की सौम्य, हा प्रश्नच मला चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटतो. मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आणि अशा पत्रांच्या पलीकडच्या बाजूला बसले. तिथे पत्र आलं की पुढे काय होतं, ते सांगते. वाचणारी व्यक्ती त्या मीटिंगमध्ये नव्हती. तिला तुमच्या साहेबांना बोलवावं लागतं आणि पत्रातला मजकूर त्यांच्यापुढे ठेवावा लागतो. आता तुमचं एक वाक्य घ्या: "साहेब माझ्याशी पक्षपाताने वागतात." ते म्हणतील, "नाही, मी सगळ्यांना सारखंच वागवतो." झालं, चौकशी तिथेच अडली. आता दुसरं वाक्य घ्या: "१ फेब्रुवारी ते २६ एप्रिल या काळातल्या १३ शनिवारांपैकी ८ शनिवारी रोस्टरवर माझं नाव होतं." याला "नाही" म्हणता येत नाही, कारण रोस्टर त्यांनीच पाठवलेलं आहे. त्यांना "का" ते सांगावं लागेल. ज्या वाक्यावर समोरच्याला कारण द्यावं लागतं, ते वाक्य कठोर. मग त्यात एकही कडक शब्द नसला तरी चालतं.

एकदा एका कर्मचाऱ्याचं नऊ पानांचं पत्र माझ्याकडे आलं होतं. त्यात थकलेल्या भत्त्याचा मुद्दा पूर्ण बरोबर होता. पण त्याने वरिष्ठांच्या हेतूबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, आणि वरिष्ठांचा सगळा खुलासा त्या एका वाक्यावर आला. चौकशीच्या पहिल्या तीन बैठका "तो असं कसं म्हणू शकतो" यावर गेल्या. भत्ता त्याला शेवटी मिळाला, पण जे दोन आठवड्यांत व्हायचं त्याला चार महिने लागले. हेतू सिद्ध करता येत नाही, आणि तुमचं काम व्हायला तो सिद्ध करण्याची गरजही नाही.

त्यातच आणखी एक गोष्ट आहे, ती थोडी टोचेल. रोस्टर असं का लागलं, हे तुम्हाला नक्की ठाऊक नाही. राग असेल, निष्काळजीपणा असेल, किंवा टीममधल्या कुणाला अशी सवलत मिळाली असेल जिची तुम्हाला कल्पना नाही. कारण काहीही निघालं तरी तुमची तक्रार तशीच उभी राहते, कारण नियम आळीपाळीचा आहे आणि ती पाळी पाळली गेलेली नाही. पण पत्रात हेतू लिहून ठेवलात आणि कारण वेगळं निघालं, तर तुमचं खरं म्हणणंही त्यासोबत वाहून जाईल.

म्हणून आधी एक संध्याकाळ फक्त तारखांना द्या. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, तिथे कोण होतं, पुरावा कुठे आहे. एका घटनेला एक ओळ. मत लिहायचं नाही, "नेहमी", "कधीच" हे शब्द लिहायचे नाहीत. तारीख नक्की आठवत नसेल तर "मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बहुधा सोमवारी" असंच लिहा. अंदाजाला पक्क्या तारखेचं रूप दिलंत आणि त्या दिवशी साहेब रजेवर होते असं निघालं, तर बाकीच्या खऱ्या तारखांवरचाही विश्वास उडतो. "कोण होतं" या रकान्यात जे हजर होते त्यांचीच नावं येतील. ते तुमच्या बाजूने बोलतील असं गृहीत धरू नका आणि पत्रात तसं सुचवूही नका. त्यांनाही तिथे नोकरी करायची आहे.

पुरावा गोळा करतानाची एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. घाबरून लोक ऑफिसचे मेल आपल्या खाजगी पत्त्यावर पाठवून देतात. अनेक कंपन्यांत हा गोपनीयतेच्या नियमाचा भंग ठरतो, आणि मग तक्रार बाजूला राहून तुमचीच चौकशी सुरू होते. तुम्हाला आलेलं रोस्टर, तुमचे रजेचे अर्ज, तुम्ही पाठवलेला मेल हे सगळं कंपनीच्याच यंत्रणेत आहे आणि एचआरला ते पाहता येतं. पत्रात मेलचा विषय आणि तारीख लिहिलीत तरी पुरतं. स्वतःजवळ ठेवायची असेल तर स्वतःच्या हाताने लिहिलेली ती चार रकान्यांची नोंद ठेवा. त्यात ग्राहकांची किंवा कामाची गोपनीय माहिती नसावी.

त्याच संध्याकाळी कर्मचारी नियमावली उघडून तीन गोष्टी बघा. तक्रार कुणाकडे करायची, किती दिवसांच्या आत करायची आणि पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुढे कुणाकडे जायचं. मुदत हुकली तर एरवी बिनतोड असलेलं पत्रही बाजूला पडू शकतं.

तुम्ही जोडलेल्या कागदांवरून मी पत्राचा मसुदा केला आहे. तारखा तुमच्याच आहेत, तरी एकेक पुन्हा ताडून पाहा.

"दिनांक: ६ मे २०२५
प्रति, मनुष्यबळ विभाग
विषय: शनिवारच्या ड्युटीचं वाटप आणि बदली रजा (कॉम्प ऑफ) याबाबत औपचारिक तक्रार

महोदय/महोदया,
शनिवारच्या ड्युटीचं वाटप आणि त्यापोटी मिळणारी बदली रजा याबाबत मी ही औपचारिक तक्रार नोंदवत आहे. घडलेल्या गोष्टी क्रमाने पुढे देत आहे.

कर्मचारी नियमावलीनुसार शनिवारची ड्युटी टीममधल्या सदस्यांनी आळीपाळीने करायची असते. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत. १ फेब्रुवारी ते २६ एप्रिल २०२५ या काळात १३ शनिवार होते. रोस्टरनुसार त्यांपैकी ८ माझ्या नावे होते आणि उरलेले ५ इतर पाच सदस्यांच्या नावे होते (जोडपत्र १: तीन महिन्यांची रोस्टर).

मी १, १५ व २२ फेब्रुवारी, ८ व २२ मार्च, ५ व १९ एप्रिल असे ७ शनिवार काम केलं. २६ एप्रिलला आजारी असल्यामुळे मी येऊ शकले नाही. तसं मी त्याच दिवशी सकाळी ९.३० वाजता फोन करून कळवलं होतं.

या ७ दिवसांपोटी ७ बदली रजा होतात. नियमानुसार बदली रजा ६० दिवसांत घ्यावी लागते. ३ मार्चला केलेला माझा अर्ज मंजूर झाला. १५ फेब्रुवारीच्या कामापोटी १७ मार्चला आणि २२ फेब्रुवारीच्या कामापोटी ७ एप्रिलला केलेले अर्ज 'कामाची गरज' या शेऱ्यासह नामंजूर झाले (जोडपत्र २). त्यानंतर ६० दिवसांची मुदत संपल्याने या दोन्ही रजा रद्द झाल्या.

१० मार्चला मी हा विषय माझ्या वरिष्ठांशी समक्ष बोलले. २४ मार्चला त्यांना मेल पाठवला (जोडपत्र ३). त्या मेलला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

२८ एप्रिलच्या टीम मीटिंगमध्ये माझ्या २६ तारखेच्या गैरहजेरीचा विषय निघाला. तेव्हा माझे वरिष्ठ मला उद्देशून म्हणाले, 'घरचंच सांभाळायचं असेल तर नोकरी कशाला करता?' टीममधले इतर सदस्य तेव्हा हजर होते. हे सर्वांसमोर बोललं गेल्यामुळे मला अपमानास्पद वाटलं, आणि त्यानंतर रजेबद्दल वरिष्ठांशी बोलणं मला अवघड झालं आहे.

माझी विनंती अशी: (१) मेपासूनचं रोस्टर नियमावलीप्रमाणे आळीपाळीने लावावं, सध्याच्या वाटपामागे काही कारण असल्यास ते मला लेखी कळवावं. (२) मुदतीत अर्ज करूनही रद्द झालेल्या दोन बदली रजा पुन्हा जमा कराव्यात आणि उरलेल्या चार रजा घेण्यासाठी मुदत वाढवून द्यावी. (३) माझ्या कामाबद्दल किंवा हजेरीबद्दल काही म्हणणं असल्यास ते मला स्वतंत्रपणे सांगितलं जावं.

या संदर्भात समक्ष भेटून माहिती देण्यास मी तयार आहे. पत्र मिळाल्याची पोच द्यावी आणि २० मेपर्यंत पुढील कार्यवाही कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,"

खाली नाव, कर्मचारी क्रमांक आणि जोडपत्रांची यादी. बस.

आता यातल्या काही जागांबद्दल सांगते, कारण तिथेच तुमचा हात अडखळेल.

पहिली जागा २६ एप्रिलची. तुमच्या चार पानांत तुमची गैरहजेरी कुठेच नव्हती. मला समजतं, आपल्या विरुद्ध जाईल अशी गोष्ट आपण होऊन कोण लिहील? पण साहेबांचं पहिलं वाक्य तेच असणार, "त्या दिवशी त्या आल्याच नाहीत." ते एचआरने त्यांच्याकडून ऐकलं तर तुम्ही काहीतरी लपवलंत असं दिसेल. तुमच्या पत्रात आधीच वेळेसकट वाचलेलं असेल, तर साहेबांकडे सांगण्यासारखं नवीन काही उरत नाही. शिवाय जी व्यक्ती स्वतःला गैरसोयीची गोष्टही लिहिते, तिच्या इतर नोंदींवर वाचणाऱ्याचा भरवसा बसतो. हे मी स्वतःच्या टेबलावर अनुभवलं आहे.

दुसरी जागा त्या वाक्याची. ते वाक्य मला वाचतानाही लागलं. म्हणूनच सांगते, त्याच्या पुढेमागे एकही विशेषण लावू नका. "अत्यंत हीन आणि बायकांचा अपमान करणारं वक्तव्य" असं लिहिलंत की वाचणारा तुमच्या मताशी सहमत व्हायचं की नाही, याचा विचार करू लागतो. नुसतं वाक्य अवतरणचिन्हांत ठेवलं की त्याचा अर्थ तो स्वतः लावतो, आणि स्वतः लावलेला अर्थ माणूस सहसा सोडत नाही. ते ज्या भाषेत बोललं गेलं त्याच भाषेत लिहा. पत्र इंग्रजीत जाणार असेल तर मूळ वाक्य आधी आणि खाली भाषांतर. शब्द तंतोतंत आठवत नसतील तर अवतरणचिन्हं काढा आणि "अशा आशयाचं बोलले" असं लिहा.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. हे एकदाच घडलं की बाई म्हणून असं बोलणं वारंवार होतं? वारंवार होत असेल, किंवा कुठल्याही स्वरूपाचा लैंगिक छळ असेल, तर त्यासाठी सहसा वेगळी समिती, वेगळी प्रक्रिया आणि वेगळी मुदत असते. ती तक्रार रोस्टरच्या पत्रात मिसळू नका. दोन्ही एकाच पत्रात आल्या की एचआर सोपी तक्रार सोडवून फाइल बंद करतं.

तिसरी जागा त्रासाची. तुमचा मूळ प्रश्न हाच होता, आणि पत्रात तो एका वाक्यात आवरला आहे: "मला अपमानास्पद वाटलं, आणि त्यानंतर रजेबद्दल बोलणं अवघड झालं आहे." तुम्हाला हे फार कमी वाटेल. पण या वाक्यात त्यांनी काय केलं याचा निवाडा नाही, तुमच्यावर काय परिणाम झाला एवढंच आहे. "तुम्ही माझा अपमान केलात" यावर वाद घालता येतो. "मला अपमानास्पद वाटलं" यावर घालता येत नाही. त्यापायी झोप उडाली असेल, डॉक्टरांकडे जावं लागलं असेल, तर तेही तारखेसकट लिहा. घडलेलं नसेल तर लिहू नका. ती चार पानं फाडू नका, घरी ठेवा. ती तुमच्यासाठी लिहिलेली आहेत आणि लिहायलाच हवी होती.

विनंतीच्या तीन मुद्द्यांवर तुम्ही कदाचित नाराज व्हाल. तुमच्या मसुद्यात शेवट "योग्य ती कठोर कारवाई करावी" असा होता. ही मागणी दिसायला मोठी असली तरी तिच्यावर "योग्य ती समज दिली आहे" एवढं लिहून मोकळं होता येतं, आणि त्या समजेने तुमच्या शनिवारांचं काहीच होत नाही. दोन रजा जमा झाल्या की नाही, रोस्टर बदललं की नाही, हे मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. मागणी अशी असावी की ती पुरी झाली का, ते तिसऱ्या माणसालाही कागदावर बघून सांगता यावं. माफीची मागणी मी मुद्दाम घातलेली नाही. मागून मिळालेली माफी बहुधा सक्तीची असते, आणि ती नाकारली गेली तर सगळं प्रकरण तिथेच अडून बसतं. पण तुम्हाला ती मनापासून हवी असेल तर चौथा मुद्दा म्हणून लिहा. तो हक्क तुमचा आहे.

तुमच्या नवऱ्याची भीती मी खोडून काढणार नाही. एचआर कंपनीसाठी काम करतं, तुमच्यासाठी नाही. पत्र पूर्ण गुप्त राहील असं वचनही ते देऊ शकत नाहीत, कारण साहेबांना विचारल्याशिवाय चौकशी होत नाही. म्हणून साहेबांनी ते वाचलं तरी तुम्हाला एकही शब्द मागे घ्यावासा वाटणार नाही, असंच पत्र लिहायचं. पाठवल्यानंतर कामाचं स्वरूप अचानक बदललं, मीटिंगमधून वगळलं गेलं, मूल्यांकन घसरलं, तर त्याचीही त्याच चार रकान्यांत नोंद ठेवा. पत्राची तारीख ६ मे आणि बदलाची तारीख १२ मे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की फार काही बोलावं लागत नाही. नोकरी जाण्याची चिन्हं आधीपासूनच दिसत असतील, किंवा राजीनाम्यासाठी दबाव असेल, तर पत्र पाठवण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. तसं काही नसेल तर त्याची गरज दिसत नाही.

पत्र लिहून झालं की एक रात्र जाऊ द्या. सकाळी ते अशा कुणाला वाचायला द्या, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. मैत्रीण नको, ती आधीच तुमच्या बाजूने आहे. वाचून झाल्यावर त्या व्यक्तीला दोनच प्रश्न विचारा: काय घडलं आणि मला काय हवंय? दोन्हीची उत्तरं तिने न अडखळता दिली तर पत्र तयार आहे. तिने "तुझा साहेब फारच वाईट दिसतो" एवढंच म्हटलं, तर अजून कुठेतरी विशेषण राहिलंय, शोधा.

पाठवताना नियमावलीत दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. संचालकांना, सगळ्या टीमला प्रत नको. त्यामुळे वजन वाढत नाही, समोरचे बचावाला उभे राहतात एवढंच होतं. तीन दिवसांत पोच आली नाही तर "माझं ६ मेचं पत्र मिळालं का, कृपया कळवावं" एवढ्याच एका ओळीचा मेल करा.

तुम्हाला भेटायला बोलावतील. तिथे पत्राची प्रत आणि नोंदींचा कागद घेऊन जा, आणि विचारलेल्या प्रश्नाला त्यावरून उत्तर द्या. रडू आलं तर येऊ द्या. पाणी मागा, पाच मिनिटं घ्या आणि पुन्हा कागदाकडे या. तिथे बरंच काही तोंडी ठरेल, "आम्ही बघतो", "पुढच्या महिन्यापासून करतो", आणि तोंडी ठरलेलं हमखास विरतं. म्हणून त्याच दिवशी घरी जाण्याआधी एक मेल पाठवा: "आज दुपारी ३ वाजता झालेल्या भेटीबद्दल आभार. माझ्या समजुतीप्रमाणे असं ठरलं: जूनचं रोस्टर आळीपाळीने लागेल, आणि दोन बदली रजा ३१ मेपर्यंत जमा होतील. यात काही दुरुस्ती असल्यास कृपया कळवावी." कुणी दुरुस्ती कळवली नाही, तर ठरलं काय होतं याची दोन्ही बाजूंना दिसणारी एक नोंद तयार होते. मग ३१ मेला रजेचा हिशेब उघडून बघा, आणि आकडा बदललेला नसेल तर नियमावलीतल्या पुढच्या अधिकाऱ्याकडे हाच मेल जोडून दोन ओळींचं पत्र पाठवा.

— ताई